पासपोर्टच्या अपॉइंटमेंटची तारीख दिसतच नाही, तेव्हा काय करायचं

प्रश्न : आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले. मुलगी १९ वर्षांची, पहिलाच पासपोर्ट. फॉर्म भरला, सबमिट झाला, एआरएन नंबर आला. पण अपॉइंटमेंटच्या पानावर आमच्या जवळच्या पोस्टातल्या केंद्राची तारीखच येत नाही. तीन आठवडे झाले, सकाळी बघतो, दुपारी बघतो, रात्री बघतो. पैसे अजून भरलेले नाहीत. एजंट म्हणतो, पंधराशे वर द्या, उद्या तारीख देतो. तिच्या कॉलेजच्या परदेशी प्रवेशासाठी दोन महिन्यांत पासपोर्ट हातात हवा. काय करावं?

उत्तर :

पैसे भरलेले नाहीत हे वाचून बरं वाटलं. एवढ्या एका गोष्टीमुळे तुमच्या हातात अजून सगळे मार्ग आहेत. एजंटाला आज काही देऊ नका. का ते पुढे येईलच.

मी बारा वर्षं सेवा केंद्र चालवतो आणि आमच्याकडे पासपोर्टचे फॉर्म रोज असतात. "तारीखच नाही" म्हणून येणाऱ्या माणसाला मी आधी एक विचारतो : तारीख दिसून जाते, की दिसतच नाही? दोन्हींचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. बहुतेकांना ते सांगता येत नाही, कारण आपण बघतो ते आपल्या सवडीच्या वेळी, आणि तारीख उघडते ती तिच्या ठरलेल्या वेळी. तुमच्या सकाळ-दुपार-रात्र या तिन्ही फेऱ्यांच्या मधल्या वेळेत ती रोज येऊन जात असेल, असं मला वाटतं.

यामागचं गणित असं. प्रत्येक केंद्रात दिवसाला किती माणसं घ्यायची याचा आकडा ठरलेला असतो. पोस्टातलं केंद्र म्हणजे एखाददुसऱ्या खोलीतलं काम, त्यामुळे त्याचा आकडा मोठ्या पासपोर्ट सेवा केंद्राच्या मानाने फारच लहान. त्या आकड्यातही साधा अर्ज, तत्काळ आणि पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट यांचे वाटे वेगळे. सगळ्या तारखा एकदम खुल्या करत नाहीत. पुढच्या काही दिवसांच्याच खुल्या असतात, आणि कामाचा एक दिवस सरला की पलीकडचा एक दिवस त्यात येतो. हा नवा दिवस दिवसातल्या एका ठरावीक वेळी उघडतो, आणि ती वेळ पासपोर्ट कार्यालयागणिक व अर्जाच्या प्रकारागणिक वेगळी असते. लहान केंद्राच्या त्या दिवसाच्या जागा काही मिनिटांत भरतात. मग उरलेला दिवसभर पान कोरं दिसतं आणि माणसाला वाटतं की इथे कधी तारीख निघतच नाही.

दिवसात अधूनमधून एखादी जागा सुटतेही. कुणी तारीख पुढे ढकलतो, कुणी रद्द करतो, आणि ती जागा पुन्हा सगळ्यांसाठी मोकळी होते. पण ती कधी सुटेल याला काही नेम नाही. तिच्या भरवशावर बसू नये, दिसली तर घ्यावी.

म्हणून पहिलं काम म्हणजे तुमच्या केंद्राची वेळ शोधायची. लोक इतरांनी सांगितलेल्या वेळेवर विसंबतात, कुणी म्हणतं दुपारी, कुणी म्हणतं संध्याकाळी. कोल्हापूरचा माणूस मुंबईच्या माणसाचं ऐकून बसतो आणि चुकतो. त्यापेक्षा स्वतः बघा. `passportindia.gov.in` वर `Check Appointment Availability` अशी सोय आहे. पासपोर्ट कार्यालय निवडायचं, चित्रातली अक्षरं भरायची, की त्या कार्यालयाखालच्या केंद्रांची उपलब्धता दिसते. लॉगिन करावं लागत नाही, पैशाचा संबंध नाही, कितीही वेळा बघा. एक वही घ्या आणि तीन कामाचे दिवस दर अर्ध्या तासाला दिसलेली सगळ्यात जवळची तारीख लिहून ठेवा. तुम्ही नोकरीवर असाल तर घरातल्या दोघा-तिघांत वेळा वाटून घ्या. तारीख एका विशिष्ट सुमारास अचानक पुढे सरकलेली किंवा उगवलेली दिसली की तीच तुमची वेळ. दुसऱ्या दिवशी त्या सुमाराला दर पाच मिनिटांनी बघा, म्हणजे नेमकी मिनिटं कळतील.

एक उदाहरण पूर्ण सांगतो, कारण त्यात पुढच्या सगळ्या अडचणी आल्या होत्या. गेल्या वर्षी एक नर्सताई आल्या, आखातातल्या नोकरीसाठी पासपोर्ट हवा होता. दीड महिना बघत होत्या. त्यांची ड्युटी रात्रीची, म्हणून सकाळी घरी आल्यावर आणि दुपारी झोपून उठल्यावर बघायच्या. मी सोमवारपासून वही घातली. सकाळी अकराला काही नाही, दोनला नाही, पावणेसहाला नाही. सहा वाजून पाच मिनिटांनी एक तारीख होती. सव्वासहाला पुन्हा कोरं. मंगळवारी अगदी तसंच. म्हणजे तारीख रोज निघत होती, फक्त दहा मिनिटांपुरती, आणि त्या वेळेला ताई आवरून ड्युटीला निघालेल्या असायच्या.

बुधवारी त्यांना साडेपाचला बोलावलं. लॉगिन केलं, `View Saved/Submitted Applications` मधून त्यांचा एआरएन निवडला आणि `Pay and Schedule Appointment` पर्यंत जाऊन थांबलो. (पोर्टलचं रूप मधूनमधून बदलतं, शब्द थोडे इकडेतिकडे दिसतील, पण पायऱ्या याच.) सहाला पान पुन्हा उघडलं. पहिल्यांदा चित्रातली अक्षरं चुकली, घाईत एस आणि पाच यांत गफलत झाली. दुसऱ्यांदा बरोबर आली, केंद्रासमोर तारीख दिसली, पुढे गेलो. आता पैसे भरायचे, तर ताईंचं यूपीआय अ‍ॅप अपडेट मागत बसलं. पैसे गेले तेव्हा सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती, आणि परत आलेल्या पानावर पैसे मिळाल्याचं होतं, अपॉइंटमेंट मिळाल्याचं नव्हतं.

ताईंचा चेहरा उतरला. पुन्हा भरते म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला म्हटलं तरी चालेल. तुमच्याही बाबतीत हे होऊ शकतं, म्हणून नीट वाचा. तारीख पडद्यावर दिसली म्हणजे ती तुमच्या नावावर राखून ठेवली असं नसतं. पैसे जमा होऊन पान परत येईपर्यंत ती दुसऱ्या कुणाला जाऊ शकते. तसं झालं तरी भरलेली फी बुडत नाही, ती त्या एआरएनवर जमा राहते आणि भरल्यापासून एक वर्ष चालते. दुसऱ्यांदा भरायची नाही. `Track Payment Status` मध्ये एआरएन घालून खात्री करायची. बँकेतून कापले गेले पण तिथे दिसत नाहीत असं असेल तर थोडं थांबायचं, एखादा दिवस जाऊ द्यायचा, आणि मग कॉल सेंटरला विचारायचं.

गुरुवारी त्याच वेळी बसलो. आता पैसे भरलेलेच होते, त्यामुळे ती पायरीच नव्हती. तारीख आली, निवडली, दोन मिनिटांत काम झालं. मला त्या दिवशी जाणवलं ते हे : लहान केंद्रात शर्यत हरते ती पैशाच्या पानावर. ज्याची फी आधीच जमा आहे, तो इतरांच्या पुढे असतो. तुमची फी भरलेली नसेल तेव्हा निदान पैसे भरायचं साधन आधी तयार ठेवा. अ‍ॅप उघडून बघा, बँकेची दिवसाची मर्यादा बघा, ओटीपी ज्या फोनवर येतो तो मुलीच्या हॉस्टेलवर नाही ना ते बघा. एकाच लॉगिनने फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे शिरू नका, ऐन वेळी बाहेर फेकतं.

आता दुसरी बाजू. तीन दिवस वही घातली आणि एकदाही तारीख दिसली नाही, तर दुखणं वेगळं. त्या वेळी मी फॉर्मकडे वळतो, आणि विशेषकरून फॉर्ममध्ये कोणतं पासपोर्ट कार्यालय निवडलंय याकडे.

इथे लोकांचा मोठा गोंधळ असतो. पासपोर्ट कार्यालय आणि सेवा केंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात पासपोर्ट कार्यालयं तीन, मुंबई, पुणे आणि नागपूर. पणजीचं वेगळं, ते गोव्याचं. तुमचा कोल्हापूर जिल्हा पुणे कार्यालयाखाली येतो. या कार्यालयांच्या हाताखाली केंद्रं असतात, पुण्याखाली मुंढव्याचं मोठं पासपोर्ट सेवा केंद्र आणि बाकी पोस्टातली केंद्रं, जशी सोलापूरची, पिंपरी-चिंचवडची. पोस्टातली ही केंद्रं २०१७ पासून सुरू झाली, त्याआधी कोल्हापूरच्या माणसाला पुण्याशिवाय पर्याय नव्हता. पुण्याचं कार्यालय स्वतः बाणेर-पाषाण लिंक रोडवर पासपोर्ट भवनात आहे. अपॉइंटमेंट मुंढव्याची आणि माणूस बाणेरला जाऊन उभा, असं दर वर्षी कुणीतरी करतंच. एसएमएसमध्ये केंद्राचा पत्ता येतो, तो वाचा.

फॉर्म भरताना तुम्ही जे कार्यालय निवडलं, त्याच्याच केंद्रांची यादी तुम्हाला तारखेच्या पानावर दिसते. त्या यादीतलं कोणतंही केंद्र चालतं. जवळचंच घ्यायला हवं असा नियम नाही, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. ते जवळच्या पोस्टासमोर कोरं बघून पान बंद करतात आणि त्याच यादीत वर-खाली मुंढव्याची तारीख पडलेली असते. मुंढव्याचं केंद्र मोठं, जागा जास्त, त्यामुळे तिथे काही ना काही मिळण्याची शक्यता पोस्टापेक्षा पुष्कळ जास्त. कोल्हापूरहून पुणे म्हणजे एक दिवस गेला हे खरं. पण रात्रीची गाडी पकडून सकाळच्या अपॉइंटमेंटला जाऊन संध्याकाळी परतलेली किती तरी मुलं माझ्याकडची आहेत. तुमच्याकडे आता दोन महिने आहेत, त्याआधीचे तीन आठवडे जवळच्या केंद्रासाठी थांबण्यात गेले. मी तुमच्या जागी असतो तर आजच ती पूर्ण यादी बघितली असती.

कार्यालयच बदलायचं असेल तर तेही जमतं. जून २०१८ पासून देशात कुठल्याही पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करता येतो. पोलिस पडताळणी तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या सध्याच्या पत्त्यावर होते आणि पासपोर्टही स्पीड पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो, अर्ज कुठेही केला तरी. आपल्याकडच्या माणसाला हे फार उपयोगाचं. नकाशात बघा, कोल्हापूरला पुण्यापेक्षा बेळगाव किती तरी जवळ. पण बेळगावचं पोस्टातलं केंद्र बंगळूरु कार्यालयाखाली येतं, म्हणून ते तुमच्या यादीत कधीच दिसणार नाही, कितीही वेळा पान उघडा. पणजीचंही तसंच. सीमेलगतच्या गावांतली मंडळी या एका गोष्टीपायी पुण्याला हेलपाटे घालतात. बंगळूरु किंवा पणजी निवडून `Check Appointment Availability` बघायला काहीच लागत नाही. बघा, तिथे तारखा बऱ्या दिसतायत का.

बऱ्या दिसल्या तर मात्र नवा फॉर्म भरावा लागेल, नवा एआरएन मिळेल. आणि इथेच तुम्ही पैसे भरले नाहीत याचा फायदा. फी एआरएनला चिकटलेली असते. एका एआरएनवर भरलेली फी दुसऱ्यावर वळवता येत नाही आणि परतही मिळत नाही. म्हणून क्रम असा ठेवा की आधी कार्यालय पक्कं करायचं, मग फॉर्म, मग तारीख डोळ्यांनी बघायची, आणि मगच पैसे. सगळ्यात जास्त पैसे बुडालेले मी पाहिले ते या उलट क्रमामुळे. जुना फॉर्म, ज्यावर पैसे नाहीत, तो तसाच पडू दे.

आता तत्काळ. दोन महिन्यांची मुदत आहे म्हणून हा विचार करायला हवा. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला त्यावर २,००० जादा, म्हणजे एकूण ३,५००. यातले १,५०० ऑनलाइन भरायचे, उरलेले केंद्रावर. तत्काळच्या जागांचा वाटा वेगळा असतो आणि त्याची उघडायची वेळही वेगळी, म्हणून त्याची वही स्वतंत्र घालावी लागते. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, तत्काळचा फॉर्म भरलेल्याला तत्काळच्या वाट्यात जागा मिळाली नाही तर साध्या वाट्यातली तारीखही घेता येते. अर्ज तत्काळचाच राहतो. उलटं होत नाही, साधा फॉर्म भरलेल्याला तत्काळच्या वाट्यातली जागा मिळत नाही. म्हणजे तत्काळवाल्याला दोन दारं, साध्याला एक.

तरीही मी प्रत्येकाला तत्काळ सांगत नाही. कागदपत्रं कडक लागतात, ठरावीक यादीतली तीन. तुमच्या मुलीच्या वयाला आधार, पॅन आणि कॉलेजचं फोटो असलेलं ओळखपत्र असं जुळू शकतं, मतदार ओळखपत्र काढलं असेल तर तेही. पण सगळ्यांवर नाव एकसारखं हवं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि पॅनवर नाही, एका ठिकाणी आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी, अशा फरकांवर केंद्रातली माणसं अडतात आणि अडलेली तत्काळ फाइल साध्या फाइलपेक्षा जास्त दिवस खाते. कागद आज टेबलावर मांडा, अक्षर अन् अक्षर जुळवा. जुळत असतील तर तत्काळ भरा. नसतील तर साधा अर्ज करून मुंढव्याची तारीख घ्या, तुमच्या मुदतीत तोच मार्ग जास्त खात्रीचा आहे.

तारीख लांबची मिळाली तर ती सोडू नका. घ्या, आणि मग जवळची शोधत राहा. `Reschedule Appointment` मधून ती पुढे तशी मागेही घेता येते, त्याच कार्यालयाच्या दुसऱ्या केंद्रातही नेता येते. मात्र पहिल्या अपॉइंटमेंटच्या तारखेपासून एका वर्षात बदल आणि रद्द मिळून तीनच वेळा. म्हणून दोन दिवस आधीची मिळतेय म्हणून एक संधी खर्चू नका. दोन आठवडे वाचणार असतील तर वापरा. आणि बदलताना नवी तारीख समोर दिसेपर्यंत पक्कं करायचं बटण दाबू नका. एका मुलाने आधी जुनी रद्द केली, नवी शोधायला गेला, तर यादी कोरी. त्याचे दोन्ही हात रिकामे झाले आणि एक संधीही गेली.

एजंटाबद्दल. त्याच्याकडे वेगळा कोटा नसतो. तो तेच पान उघडतो जे तुम्ही उघडता, फक्त वेळ त्याला माहीत असते. पंधराशे रुपये तुम्ही त्या वेळेचे देता, जी वही तुम्हाला तीन दिवसांत देईल. पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. बरेच एजंट लॉगिन स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइलवर काढतात. मग पुढे तारीख बदलायची, पैशाची स्थिती बघायची, केंद्राचा एसएमएस वाचायचा, सगळ्यासाठी त्याच्या दारात जावं लागतं. मी स्वतः लोकांचे फॉर्म भरतो, तरी लॉगिन माणसाच्याच ईमेलवर काढतो आणि पासवर्ड त्याच्या समोर त्याच्याच हाताने घालायला लावतो. कुणाकडूनही मदत घेतलीत तरी एवढं बघा. आणि पत्त्यात शेवटी `gov.in` आहे का ते वाचा. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट आहेत, परराष्ट्र मंत्रालयाने त्यांच्याबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. तिथे फी घेतात, फॉर्म घेतात आणि एआरएन कधीच येत नाही.

तुमच्या मुलीला लागू नाही, पण घरात आणखी कुणाचा काढायचा असेल म्हणून सांगतो. साठी ओलांडलेले, चार वर्षांखालची मुलं आणि दिव्यांग यांना अपॉइंटमेंटशिवाय थेट केंद्रात जायची सवलत आहे. फॉर्म ऑनलाइन भरलेला आणि एआरएन हातात हवा. घरात कुणाचं आजारपण, मृत्यू अशी निकड असेल तरीही थेट जाता येतं, पण तिथे घ्यायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या निर्णयावर. आजोबांना उन्हातान्हात घेऊन जाण्याआधी १८००-२५८-१८०० या टोल-फ्री नंबरला फोन करून त्या विशिष्ट केंद्राबद्दल विचारा. पोस्टातलं केंद्र असेल तर नक्की विचारा.

हे सगळं करूनही तारीख मिळाली नाही, तर लिहायची वेळ आली असं समजा. आधी कॉल सेंटर, मग पासपोर्ट कार्यालयाला ईमेल, आणि त्यावर उत्तर आलं नाही तर `pgportal.gov.in` वर तक्रार, परराष्ट्र मंत्रालयाच्या नावे. पासपोर्ट कार्यालयात चौकशीसाठीही वेगळी अपॉइंटमेंट घेता येते, ती केंद्राच्या अपॉइंटमेंटपेक्षा वेगळी. "तारीख मिळत नाही, कृपया मदत करा" एवढंच लिहिलं तर छापील उत्तर येतं : पोर्टलवर बघत राहा. तुमची वही इथे कामाला येते. मी साधारण असं लिहून देतो :

"माझा एआरएन अमुक. अर्ज साधा, नवीन पासपोर्टसाठी. पुणे कार्यालयाखालच्या सगळ्या केंद्रांची उपलब्धता मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रोज पुढील वेळांना पाहिली. एकदाही तारीख दिसली नाही, स्क्रीनशॉट जोडले आहेत. अमुक तारखेपर्यंत परदेशी विद्यापीठाला पासपोर्टचा तपशील द्यायचा आहे, प्रवेशपत्र जोडले आहे. माझ्या अर्जासाठी तारखा कधी व किती वाजता खुल्या होतात ते कळवावे, किंवा चौकशीसाठी वेळ द्यावी."

यात राग नाही, पण टाळायला जागाही नाही. सगळ्या केंद्रांचं लिहिलंय हे महत्त्वाचं, कारण एकाच केंद्राचं लिहिलं तर दुसरीकडे जा म्हणून तक्रार बंद होते. स्क्रीनशॉटमध्ये कॉम्प्युटरचं घड्याळ आलं पाहिजे. नर्सताईंच्या आधी एका कुटुंबाचं असं पत्र मी पाठवलं होतं, त्यांना तारीख मिळाली नाही पण उघडायची वेळ लेखी कळली, आणि तेवढ्याने त्यांचं काम झालं.

तर तुमच्यासाठी आजचं काम एवढंच. पुणे कार्यालयाची पूर्ण यादी उघडा आणि मुंढव्यासमोर काय दिसतंय ते बघा. मग बंगळूरु आणि पणजी. उद्यापासून वही. कागद जुळतायत का ते आज रात्रीच टेबलावर मांडून पाहा, आणि नावांत कुठे फरक सापडला तर नेमका काय तो मला लिहा, कारण काही फरक केंद्रावर चालतात आणि काहींसाठी आधी आधार दुरुस्त करावं लागतं, त्याला वेगळे दिवस लागतात आणि ते तुमच्या दोन महिन्यांतूनच जाणार आहेत.